एकाच मुलीचा व्हॉन विलेब्रांड घटक एकदा ८४, तर एकदा ४१: खरा आकडा कोणता मानायचा?

गोदाकाठ (९ जून)

नमस्कार. माझी मुलगी १४ वर्षांची आहे. बाराव्या वर्षी पाळी सुरू झाली, तेव्हापासून प्रत्येक पाळी ९ ते १० दिवस चालते आणि पहिले दोन दिवस दर तासाला पॅड बदलावे लागते. लहानपणी तिचा घोळणा वरचेवर फुटत असे, पण उन्हाळ्यामुळे फुटतो असे समजून आम्ही ते कधी मनावर घेतले नाही. जानेवारीत ती शाळेत चक्कर येऊन पडली. रुग्णालयात नेले तेव्हा हिमोग्लोबिन ६.९ होते, अंगात तापही होता आणि लघवीत संसर्ग निघाला. रक्ताच्या २ पिशव्या चढवाव्या लागल्या. तेथील डॉक्टरांनी व्हॉन विलेब्रांड या रक्त लवकर न थांबण्याच्या आजाराची तपासणी करून घेतली. व्हॉन विलेब्रांड घटकाचे प्रमाण ८४ टक्के, त्याची कार्यक्षमता ७६ टक्के आणि रक्त गोठवणारा फॅक्टर आठ ११८ टक्के आला. सर्व आकडे मर्यादेत असल्यामुळे हा आजार नाही, असे आम्हाला सांगण्यात आले.

पाळी मात्र तशीच राहिली. एप्रिलमध्ये दुसऱ्या डॉक्टरांच्या सांगण्यावरून आमच्या तालुक्यातील रक्तसंकलन केंद्रात नमुना दिला आणि तो मोठ्या शहरातील लॅबकडे गेला. या वेळी प्रमाण ४१, कार्यक्षमता १८ आणि फॅक्टर आठ ३४ आला. खाली ‘टाइप २ असण्याची शक्यता’ असा शेराही आहे. मुलगी तीच, मधले अंतर जेमतेम तीन महिन्यांचे, आणि आकड्यांत एवढी तफावत आहे. यांपैकी कोणत्या लॅबची चूक झाली असेल, हे कृपया जाणकारांनी सांगावे. तिचा रक्तगट ओ पॉझिटिव्ह आहे.

अण्णा_कराड (९ जून)

ताई, तुमच्या मुलीच्या प्लेटलेट किती आहेत ते आधी पाहा. माझ्या धाकट्या भावाला हिमोफिलिया होता आणि फॅक्टर आठ हाच आमच्या घरातला रोजचा शब्द होता, त्यामुळे थोडेफार कळते. हिमोफिलिया मुलींना सहसा होत नाही. त्या आईकडून तो दोष घेऊन पुढे मुलाला देतात. त्यामुळे मुलीचा फॅक्टर आठ ३४ आला, तर मला तरी लॅबचीच चूक वाटते. भावाचे दिवस आम्ही पाहिले आहेत, म्हणून काळजीने लिहितो आहे.

गोदाकाठ (९ जून)

अण्णा, प्लेटलेट २ लाख ६० हजार आहेत. तिन्ही वेळा मोजल्या आणि तिन्ही वेळा व्यवस्थित निघाल्या.

रक्तवाहिनी (१० जून)

मी रक्तविकारांची डॉक्टर आहे. येथे कोणावर उपचार करू शकत नाही, पण या आकड्यांचा अर्थ कसा लावावा हे सांगू शकते.

अण्णा, आपल्या घराने जे सोसले त्याची मला कल्पना आहे, पण हा आजार वेगळा आहे. हिमोफिलियाचा दोष एक्स गुणसूत्रावर असतो, तर व्हॉन विलेब्रांड घटकाचे जनुक बाराव्या गुणसूत्रावर आहे. त्यामुळे हा आजार मुलगा आणि मुलगी दोघांनाही सारखाच होतो, आणि पाळी व बाळंतपण यांमुळे तो बायकांमध्ये अधिक ठळकपणे दिसतो. प्लेटलेट पुरेशा असूनही रक्त थांबत नाही, हेच त्याचे मूळ लक्षण आहे. फिनलंडचे एरिक फॉन विलेब्रांड यांनी १९२६ मध्ये ओलांड बेटांवरील एका कुटुंबाविषयी लिहिले, तेव्हा त्यांना नेमके हेच खटकले होते. प्लेटलेटची संख्या ठीक होती, तरीही जखम वाहतच राहत होती. त्या कुटुंबातील ज्या लहान मुलीमुळे हा शोध लागला, ती पुढे चौथ्या पाळीच्या रक्तस्रावाने गेली. म्हणून १४ वर्षांच्या मुलीची अशी पाळी मी कधीही ‘वयाचा भाग’ म्हणून सोडून देत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येते. हा घटक म्हणजे एक लांबलचक, साखळीसारखे प्रथिन आहे. रक्तवाहिनीला जखम झाली की ते तेथे उघड्या पडलेल्या तंतूंना चिकटते आणि वेगाने वाहून जाणाऱ्या प्लेटलेटना धरून ठेवते. पुराच्या पाण्यात वाहत चाललेल्या माणसाला काठावरून दोर टाकावा, तसे त्याचे काम असते. दोर जितका लांब, तितकी पकड चांगली. त्याचे दुसरे काम म्हणजे फॅक्टर आठला सोबत घेऊन फिरणे, कारण एकटा फॅक्टर आठ रक्तात फार वेळ टिकत नाही. यामुळे हिमोफिलिया नसतानाही तुमच्या मुलीचा फॅक्टर आठ कमी दिसू शकतो.

हा घटक शरीर गरजेपुरता बनवून लगेच खर्च करत नाही. रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराच्या पेशी तो बनवतात आणि त्याचा एक साठा स्वतःजवळ राखून ठेवतात. भीती, धावपळ, वेदना अशा वेळी ॲड्रेनालिन वाढते आणि काही मिनिटांत त्या साठ्यातला माल रक्तात सुटतो. ताप किंवा संसर्ग असेल, तर पातळी कित्येक दिवस चढलेली राहते आणि नेहमीच्या दुप्पट किंवा त्याहूनही जास्त होऊ शकते. जानेवारीत तुमच्या मुलीला ताप होता, संसर्ग होता, मोठा रक्तस्राव झाला होता, आणि ती घाबरलेलीही असणार. त्या दिवशीचा ८४ हा आकडा लॅबने बरोबरच मोजला असावा, पण तो तिचा रोजचा आकडा नव्हता. संसर्ग किंवा दाह असताना वाढणाऱ्या सीआरपी आणि फायब्रिनोजेन यांचे त्याच दिवशीचे आकडे फाइलमध्ये असतील तर पाहा. ते चढलेले असतील, तर या घटकाचा नॉर्मल आकडा आजार नसल्याचा पुरावा म्हणून धरता येत नाही. एवढ्या ताणातही तो ८४ वरच राहिला, हे उलट मला थोडे कमीच वाटते.

एप्रिलच्या रिपोर्टबद्दल मात्र माझी शंका वेगळी आहे. प्रमाण ४१ आणि कार्यक्षमता १८, म्हणजे दोहोंचे गुणोत्तर ०.४४ झाले. गुणोत्तर ०.७ च्या खाली गेले की प्रथिन आहे पण ते नीट काम करत नाही, असा अर्थ घेतात, आणि त्यालाच टाइप २ म्हणतात. परंतु जानेवारीच्या आकड्यांत हेच गुणोत्तर ०.९ होते. ताणामुळे प्रमाण वर-खाली होते हे खरे असले, तरी सदोष साखळी तीन महिन्यांपूर्वी निर्दोष कशी होती, याचे उत्तर मला मिळत नाही.

सातपुडा (१० जून)

मी औषधनिर्माणशास्त्र शिकवतो. इथे एक गोष्ट राहून गेली आहे. ओ रक्तगटाच्या लोकांमध्ये हा घटक मुळातच कमी असतो, इतर गटांपेक्षा साधारण पाव हिश्श्याने कमी. त्यामुळे ४१ हा आकडा ओ गटासाठी नैसर्गिक समजायला हवा. ओ गटाची वेगळी मर्यादा लावली, तर मुलीला आजार नाही असे म्हणता येईल आणि तिच्यामागचे हे सारे टळेल.

रक्तवाहिनी (१० जून)

सातपुडा, निरीक्षण अगदी बरोबर आहे. ए आणि बी गटांच्या ज्या साखरेच्या खुणा लाल पेशींवर असतात, त्या या प्रथिनावरही असतात. ओ गटात त्या नसल्यामुळे प्रथिन रक्तातून लवकर निघून जाते. पण त्यावरून तुम्ही काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही. जखमेवर प्लेटलेट धरून ठेवण्यासाठी दोर किती शिल्लक आहे, एवढेच महत्त्वाचे असते; तो रक्तगटामुळे कमी झाला की जनुकातील दोषामुळे, याने वाहणारे रक्त थांबत नाही. म्हणून रक्तगटानुसार वेगळी मर्यादा लावू नये, असेच बहुतेक तज्ज्ञ मानतात. २०२१ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार पातळी ३० च्या खाली असेल तर रक्तस्राव नसतानाही निदान करता येते, आणि ३० ते ५० च्या दरम्यान असेल तर व्यक्तीला खरोखर असामान्य रक्तस्राव होतो का, हे पाहून टाइप १, म्हणजे घटक नीट काम करतो पण कमी आहे, असे म्हटले जाते. या मुलीला तो होतो आहे. मात्र ३० ते ५० या पट्ट्याला ‘आजार’ म्हणावे की ‘धोका वाढवणारी स्थिती’, यावर आमच्या क्षेत्रात अजूनही मतभेद आहेत, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे.

निळी_नळी (११ जून)

मी २२ वर्षे कोॲग्युलेशन लॅबमध्ये, म्हणजे रक्त गोठण्याच्या तपासण्या करणाऱ्या लॅबमध्ये, टेक्निशियन आहे. आकड्यांचा अर्थ डॉक्टरांनी लावला आहे. मला फक्त एक विचारायचे आहे. ताई, एप्रिलमध्ये रक्त घेतल्यावर ती नळी कशात ठेवून पाठवली, हे आपल्याला आठवते का?

गोदाकाठ (११ जून)

होय, चांगलेच आठवते, कारण त्या दिवशी गाडी येईपर्यंत आम्हीही तेथेच बाकावर बसलो होतो. निळ्या झाकणाची नळी त्या मुलाने दोन-तीनदा उलटीसुलटी केली, नाव लिहिले आणि थर्माकोलच्या डब्यात बर्फाच्या निळ्या पॅकमध्ये खोचली. डब्यावरून पाण्याचे थेंब ओघळत होते. अकरा वाजता रक्त घेतले आणि गाडी दुपारी तीनच्या पुढे आली. लॅबमध्ये ते बहुधा रात्री पोहोचले असेल, कारण रिपोर्टवर नमुना मिळाल्याची वेळ ९.४० अशी आहे. उन्हाळा असल्यामुळे बर्फात ठेवले, ते चांगलेच केले असे मला वाटले होते.

निळी_नळी (११ जून)

ताई, त्या मुलाने काळजीनेच केले, आणि इतर बऱ्याच तपासण्यांसाठी ते योग्यही असते. या एका तपासणीसाठी मात्र ते घातक ठरते. पेशींसकट असलेले रक्त तासन्‌तास बर्फात राहिले, तर व्हॉन विलेब्रांड घटक आणि फॅक्टर आठ दोन्ही घटतात. त्यातही साखळीचे सर्वांत लांब तुकडे आधी नाहीसे होतात. म्हणजे प्रमाण थोडे उतरते आणि कार्यक्षमता फार उतरते. कागदावर हुबेहूब टाइप २ दिसतो. डॉक्टरांना गुणोत्तराबद्दल जी शंका आली, तिचे उत्तर बहुधा या डब्यात आहे.

योग्य पद्धत अशी. नळीवरच्या खुणेपर्यंत रक्त पूर्ण भरले पाहिजे, कारण आत रक्त गोठू न देणारे सायट्रेट ठरावीक मापाने भरलेले असते आणि रक्त कमी पडले तर मोजमाप बिघडते. नळी साध्या खोलीच्या तापमानात ठेवावी, काही तासांच्या आत सेंट्रिफ्यूजवर फिरवून प्लाझ्मा वेगळा करावा, आणि लांब पाठवायचा असेल तर फक्त प्लाझ्मा गोठवून कोरड्या बर्फात पाठवावा. तो वितळवताना फ्रिजमध्ये हळूहळू वितळवू नये. प्लाझ्मा थंडीत वितळला की नेमका हाच घटक तळाशी पांढऱ्या साक्यासारखा बसतो. रक्तपेढीत क्रायोप्रेसिपिटेट याच गुणधर्मावर बनवतात. वरचा प्लाझ्मा उचलून मशीनला लावला, तर आकडा खोटा कमी येतो. म्हणून आम्ही ३७ अंशांच्या पाण्यात पाच-दहा मिनिटे वितळवतो आणि नळी हलक्या हाताने उलटीसुलटी करून मगच घेतो. यांतले काहीच रिपोर्टवर छापलेले नसते, म्हणून रुग्णाने आणि डॉक्टरांनी ते विचारले पाहिजे.

आणखी एक. कार्यक्षमतेची जुनी पद्धत रिस्टोसेटिनवर चालते. हे मूळचे प्रतिजैविक होते. त्यामुळे रुग्णांच्या प्लेटलेट उतरू लागल्या म्हणून औषध म्हणून बंद झाले आणि लॅबमध्ये मात्र राहिले. या पद्धतीत एकच नमुना दोनदा लावला तरी १०–२० टक्क्यांचा फरक पडतो. त्यामुळे आज ४० आणि उद्या ३५ आला, तर आजार वाढला असे समजून घाबरू नये. आम्ही त्याला एकच आकडा समजतो.

चाफा (१२ जून)

हा धागा वाचून मला माझीच गोष्ट लिहावीशी वाटली. मी न्यू जर्सीत राहते. माझा घटक लग्नाआधी पुण्यात तपासला तेव्हा ३६ होता. गरोदरपणाच्या आठव्या महिन्यात येथे पुन्हा तपासला तर १२४ निघाला. नर्स म्हणाली, आता काळजी नाही. बाळंतपण खरोखरच सुरळीत झाले, टाकेही नीट भरले, आणि चौथ्या दिवशी मी घरी आले. अकराव्या रात्री मात्र इतके रक्त जाऊ लागले की सासूबाईंनी बाळाला घेतले आणि माझ्या नवऱ्याने मला थेट इमर्जन्सीत नेले. तेव्हा पुन्हा तपासले तर घटक ४१ होता. मला अजूनही वाटते की गरोदरपणात आजार बरा झाला होता आणि बाळंतपणात तो परत आला. असे होते का?

रक्तवाहिनी (१२ जून)

चाफा, आजार बरा झालेला नव्हता. गरोदरपणात दुसऱ्या तिमाहीपासून सर्वच बायकांमध्ये हा घटक वाढत जातो आणि प्रसूतीच्या सुमारास सर्वांत वर असतो. टाइप १ असलेल्यांमध्येही तो १०० च्या पुढे जाऊ शकतो, आणि त्यामुळे प्रसूती बहुतेक वेळा निभावते. त्यानंतर मात्र तो पुढच्या दोन-तीन आठवड्यांत मूळ जागी उतरतो. सर्वांचे लक्ष प्रसूतीच्या दिवसाकडे असते आणि खरा धोका बाई घरी पोहोचल्यावर, सव्वा महिन्याच्या काळात येतो. आठव्या महिन्यातला १२४ हा आकडा त्या दिवशी प्रसूतीची तयारी करण्यासाठी उपयोगी होता, पण निदान खोडण्यासाठी नाही. पुढच्या खेपेस प्रसूतीनंतर किती दिवस रक्तस्राव कमी करणारे ट्रानेक्सॅमिक ॲसिड घ्यायचे आणि घटक पुन्हा कधी मोजायचा, हे आधीच ठरवून लिहून घ्या.

गोदाकाठ, आता तिसरी तपासणी करताना माझी विनंती अशी आहे. ताप, सर्दी, संसर्ग काही असेल तर थांबा, आणि तो बरा झाल्यावरही तीन-चार आठवडे जाऊ द्या. नमुना जेथे मोजतात त्याच ठिकाणी रक्त द्या. धावत-पळत पोहोचून लगेच हात पुढे करू नका. अर्धा तास तिला शांत बसू द्या, आणि सुई एकदाच टोचली जाईल असा अनुभवी हात मागा. परळला केईएम रुग्णालयाच्या आवारात नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजी आहे; तेथे रक्तस्रावाच्या विकारांवर अनेक वर्षे काम चालते. ते जवळ पडत नसेल, तर जेथे कोॲग्युलेशन लॅब आणि रक्तविकारतज्ज्ञ एकाच छताखाली आहेत असे ठिकाण निवडा. आणि तोपर्यंत पोटदुखीसाठी मेफेनॅमिक ॲसिड, आयबुप्रोफेन किंवा ॲस्पिरिन देऊ नका. ती प्लेटलेटच्या कामात अडथळा आणतात. पॅरासिटामॉल चालेल.

सातपुडा (१३ जून)

रक्तगटाचा मुद्दा मी अर्धाच धरला होता, हे मान्य. पण मग एकदाच जनुकीय तपासणी करून हा प्रश्न कायमचा मिटवता येणार नाही का? जनुक काही तापाने किंवा बर्फाने बदलत नाही.

रक्तवाहिनी (१३ जून)

टाइप ३ मध्ये, म्हणजे घटक जवळजवळ शून्य असतो तेव्हा, आणि काही टाइप २ मध्ये जनुकीय तपासणीचा चांगला उपयोग होतो. नात्यातल्या लग्नांमुळे, मामाची मुलगी किंवा आत्याचा मुलगा करण्याच्या आपल्याकडील चालीमुळे, टाइप ३ आपल्या दवाखान्यांत पाहायला मिळतो आणि तेथे पुढच्या अपत्यासाठी ही माहिती मोलाची असते. परंतु ३० ते ५० च्या पट्ट्यात अनेकांच्या जनुकात दोष सापडतच नाही, कारण पातळी ठरवणारे रक्तगटासारखे इतर घटक जनुकाच्या बाहेर असतात. दोष सापडला नाही म्हणजे आजार नाही, असा गैरसमज तेथे सहज होतो. म्हणून या मुलीसाठी आधी नीट घेतलेला नमुना हवा.

गोदाकाठ (२१ जुलै)

उशिरा लिहिते आहे, त्याबद्दल क्षमस्व. जानेवारीची फाइल काढली. सीआरपी ४८ होता आणि फायब्रिनोजेन ५२०. म्हणजे डॉक्टर म्हणाल्या तसेच होते.

१४ जुलैला आम्ही मुलीला घेऊन लॅब असलेल्या रुग्णालयातच गेलो. पहाटेच्या गाडीने निघालो होतो, म्हणून तेथे पोहोचल्यावर पाऊण तास नुसते बसून राहिलो. तिने सोबत नेलेली पोळी-भाजी खाल्ली, मैत्रिणीला निरोप पाठवले, आणि मगच मी तिला आत नेले. टेक्निशियन बाईंनी एकाच टोचणीत नळी खुणेपर्यंत भरली आणि आमच्यासमोरच ती शेजारच्या खोलीत नेऊन फिरवायला लावली. मी बर्फाविषयी विचारले, तर त्या म्हणाल्या, आमच्याकडे या नळीला बर्फ लागू देत नाहीत.

प्रमाण ४३, कार्यक्षमता ३८, फॅक्टर आठ ६६.

डॉक्टरांनी टाइप १ असे लिहिले आहे. त्यानंतर त्यांनी डेस्मोप्रेसिन नावाच्या औषधाची चाचणीही घेतली. सलाइनमधून अर्ध्या तासात औषध दिले आणि एका तासाने व चार तासांनी पुन्हा रक्त घेतले. एका तासाने प्रमाण ११२ आणि चार तासांनी ८४ होते. तिचा चेहरा थोडा लाल झाला होता, बाकी त्रास नाही. दिवसभर पाणी मोजून प्यायला सांगितले. हे चांगले की वाईट, ते मला नीट समजले नाही.

निळी_नळी (२१ जुलै)

गुणोत्तर ०.८८ आले. टाइप २ चा तो शेरा बर्फातूनच आला होता, हे आता मी खात्रीने म्हणू शकते. एप्रिलच्या रिपोर्टची प्रत फाडून टाकू नका, पण तिच्यावर ‘नमुना बर्फात नेलेला’ असे मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा. नाहीतर दहा वर्षांनी एखादे नवीन डॉक्टर त्यावरूनच औषध ठरवतील.

रक्तवाहिनी (२२ जुलै)

फार चांगली बातमी आहे. डेस्मोप्रेसिन अस्तराच्या पेशींतला तोच राखीव साठा मोकळा करते, जो जानेवारीत तापाने आणि भीतीने मोकळा केला होता. ४३ वरून एका तासात ११२, याचा अर्थ साठा भरपूर आहे आणि दोर बनतोही नीट. चार तासांनी ८४ राहिला, हेही तितकेच महत्त्वाचे. काही रुग्णांमध्ये आकडा चढतो पण चार तासांत पुन्हा तळाशी येतो, कारण त्यांचे शरीर या घटकाला फार वेगाने काढून टाकते. त्यांना मोठ्या शस्त्रक्रियेत या औषधावर विसंबता येत नाही. तुमच्या मुलीला दात काढणे किंवा छोटी शस्त्रक्रिया करायची झाली, तर डेस्मोप्रेसिन पुरेल असे दिसते. पाणी मोजून प्यायला सांगितले, कारण हे औषध शरीरात पाणी धरून ठेवते आणि रक्तातले सोडियम उतरू शकते. पाळीसाठी मात्र रोज हे द्यायचे नसते. तेथे आधी ट्रानेक्सॅमिक ॲसिड आणि गरज पडल्यास हार्मोनच्या गोळ्या. सोबत लोह सुरू ठेवा, हिमोग्लोबिन भरून आले तरी साठा भरायला काही महिने लागतात.

गोदाकाठ (२२ जुलै)

ट्रानेक्सॅमिक ॲसिड सुरू केले आहे. ही पहिली पाळी अशी होती, की ती तिसऱ्या दिवशी शाळेत गेली.

आता दोन प्रश्न राहिले. माझ्या यजमानांची तरुणपणी अक्कलदाढ काढली तेव्हा दोन दिवस रक्त थांबले नव्हते, आणि रात्री उशी भिजली होती असे सासूबाई सांगतात. डॉक्टरांनी त्यांचीही तपासणी केली. त्यांचे वय ४७, रक्तगट ओ, प्रमाण ५८ आणि कार्यक्षमता ५४ आले. म्हणजे मुलीला हे त्यांच्याकडून आलेले नाही का? आणि धाकटी ९ वर्षांची आहे. तिला अजून काहीच त्रास नाही, तिची तपासणी आत्ताच करावी का?

अण्णा_कराड (२२ जुलै)

धाकटीची करून घ्या, ताई. आमच्या भावाचे निदान एका दात पडण्याच्या वेळी झाले, तेही फार उशिरा. आधी माहीत असते, तर ती रात्र आमच्या आईने तशी काढली नसती.

रक्तवाहिनी (२३ जुलै)

यजमानांबद्दल ठाम उत्तर माझ्याकडे नाही. हा घटक वयाबरोबर हळूहळू वाढतो. पंचविशीत ४५ असलेला माणूस पन्नाशीकडे ६० वर पोहोचू शकतो. त्यामुळे आजचा ५८ हा त्यांच्या अक्कलदाढेच्या वेळचा आकडा नाही, आणि मुलीला हे त्यांच्याकडून आले असण्याची शक्यता मी अजिबात सोडणार नाही. प्रश्न पुढचा आहे. वयाने आकडा ५० च्या वर गेला, की रक्तस्रावाचा धोकाही तितकाच कमी होतो का? याचे खात्रीशीर उत्तर अजून आमच्याकडे नाही. २०२१ च्या सूचनांतही अशा वेळी निदान थेट काढून टाकण्यापेक्षा त्याचा पुनर्विचार करावा, असे म्हटले आहे. यजमानांची कधी शस्त्रक्रिया ठरली, तर ५८ या आकड्याबरोबर ती भिजलेली उशीही भूलतज्ज्ञांना सांगा. मुलीच्या बाबतीतही तिशी-पस्तिशीत आकडा ५५ आला म्हणून कोणी तिची फाइल बंद करू लागले, तर तिने ती बंद होऊ देऊ नये.

धाकटीची तपासणी जरूर करा, पाळी सुरू होण्याआधीच करा. मात्र ९ वर्षांचे मूल सुई पाहून हमसाहमशी रडले, तर आकडा त्या रडण्यानेही चढतो. ती रडली तर रिपोर्टवर तसे लिहून घ्या. आकडा ५० च्या खाली आला तर रडूनही तो कमीच आहे, असे समजता येईल. वर आला, तर काही महिन्यांनी शांतपणे पुन्हा घ्यावा लागेल.

निळी_नळी (२३ जुलै)

धाकटीला घेऊन जाल, तेव्हा सकाळी फोन करून कोॲग्युलेशनचे टेक्निशियन हजर आहेत का, एवढे विचारून निघा. रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी पुष्कळ ठिकाणी नळी घेतात, पण ती दुसऱ्या दिवसापर्यंत फ्रिजमध्ये ठेवतात.

गोदाकाठ (२३ जुलै)

तिची सहामाही परीक्षा संपली की मंगळवार पाहून जाऊ. फोन करूनच निघेन.